वऱ्हाड उतरवण्याचं काम

धाकट्या पुतणीचं लग्न ठरलं त्या संध्याकाळी जाऊबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. सुपारी फुटली होती, पाव्हणे परत गेले होते. घर पेढे वाटण्यात गुंग होतं. जाऊबाईंचा चेहरा मात्र उतरलेला. म्हणाल्या, "जेवणाचं आमचे हे बघतील, मांडवाचं तुझा नवरा बघंल. वऱ्हाड उतरवायचं तेवढं तू घे. मला दुसऱ्या कुणाचा भरवसा न्हाई."

त्यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. थोरल्या पुतणीच्या लग्नात ऐन मे महिन्यात, भर दुपारी वऱ्हाड आलं. जानवस शाळेत दिलेलं होतं, पण शाळेच्या खोल्यांना कुलूप. किल्ली ज्याच्याकडं होती तो गडी मंगल अक्षतांचे तांदूळ रंगवायला बसलेला. पाण्याचा टँकर आलाच नव्हता. बाया-लेकरं चिंचेच्या झाडाखाली ताटकळत बसली आणि नवरदेवाचे चुलते जीपमधून खालीच उतरेनात. भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, त्यांच्या पायावर टोपी ठेवली तेव्हा कुठं ते उतरले. लग्न झालं, पोरगी नांदते आहे, पण सासरी काही कमी-जास्त झालं की तो दिवस निघतोच. "तुमच्याकडं तर प्यायला पाणीबी भेटलं न्हाई," एवढं एक वाक्य तिनं किती वर्षं ऐकलं असेल.

मी माजलगावला शाळेत शिकवते. शनिवार-रविवार गावी. लग्न रविवारचं, पौषाच्या आधी धरलेलं, मुहूर्त दुपारी साडेबाराचा. वऱ्हाड यायचं पालीहून, म्हणजे बीड, वडवणी, तेलगाव करत आमच्या फाट्यापर्यंत. थंडीचे दिवस, तेव्हा उन्हाचा प्रश्न नव्हता. पण ते दिवस कारखाने चालू असण्याचे. त्या रस्त्यावर दिवसरात्र उसाच्या गाड्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर खचाखच ऊस, आणि मागं अडकलेल्याला पुढचं काही दिसत नाही.

आमच्यात लग्नाचं बोलणं पुरुष पुरुषांशी करतात. मी तसं केलं नाही. सरळ नवरदेवाच्या आईला फोन लावला. त्या आधी बिचकल्या. त्यांना वाटलं, काही मोडता घालायला फोन केला की काय. मी म्हटलं, विहीणबाई, मला फक्त एवढं सांगा की तुमच्याकडून येणाऱ्यांत म्हातारं-कोतारं कोण, लहान लेकरं किती, पथ्यपाण्याचं कुणाचं काय आहे. मग हळूहळू त्या सांगायला लागल्या. त्यांच्या मालकांना शुगर, सकाळचं इंजेक्शन घेतलं की वेळच्या वेळी खावं लागतं. नवरदेवाची बहीण नुकतीच बाळंत झालेली, सव्वा महिना झाल्याशिवाय घराबाहेर पडत नसते, पण सव्वा महिना लग्नाच्या आधीच भरतोय आणि एकुलत्या एका भावाच्या लग्नाला करवली म्हणून ती येणारच. एका आत्याबाईंना खाली बसता येत नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "आमाला कुनी असं इचारलं न्हवतं कधी."

मी त्याच फोनमध्ये डीजेचं काढलं. भाऊजींनी मला हे बोलू नको म्हणून सांगितलं होतं. मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांना नाचू नका कसं म्हणायचं? पण आमच्याकडं लग्नं उशिरा लागतात ती ह्याच एका कारणानं. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघतो, तिथून मांडवापर्यंतचा रस्ता हाकेच्या अंतराचा, आणि पोरं त्यावर दोन-दोन तास नाचतात. मांडवात माणसं अक्षता मुठीत धरून बसलेली असतात, तांदूळ घामानं भिजतात. मी विहीणबाईंना म्हटलं, वरात संध्याकाळी नवरी घेऊन निघताना हवी तेवढी नाचवा, मीसुद्धा नाचते. सकाळी तेवढं आवरतं घ्या. त्या हसल्या. म्हणाल्या, "माझी पोरं मी बघते. पर त्यांचा मामा लई तापट हाय. त्याला तुमी सांभाळा."

लग्नाआधी आठ दिवस रजा टाकून गावी आले आणि सगळा वेळ माझा जीव जानवसात होता. गावच्या हायस्कूलच्या तीन खोल्या मागून घेतल्या आणि किल्ल्या माझ्याच कमरेला लावल्या. एक खोली पुरुषांना, एक बायांना, तिसरी बाळंतिणीला आणि लेकरांच्या आयांना. बायांच्या खोलीत मोठा आरसा आणि त्याच्यावर उजेड, कारण साडी नेसायला आडोसा असला तरी अंधारात कुंकू वाकडं लागतं. गरम पाण्याला चुलाण. संडास धुऊन घेतले, बाहेर भरलेला बॅरल आणि मग्गे. आत्याबाईंसाठी हाताच्या खुर्च्या. गाद्यांवर धुतलेल्या चादरी. फाट्यावर वाट दाखवायला माणूस, आणि ड्रायव्हर लोकांचं जेवण आधी. ते उपाशी राहिले की परतीच्या वेळी गाडीला हटकून काहीतरी होतं, हे मी पाहिलेलं आहे. जाऊबाई रोज विचारायच्या, झालं का. मी म्हणायचे, झालं. तरी त्या स्वतः जाऊन बॅरलात हात घालून पाणी बघून यायच्या.

लग्नाच्या सकाळी सगळं सुरळीत होतं. वऱ्हाड पालीहून निघाल्याचा फोन आला, मग वडवणीला चहाला थांबल्याचा. फोन पहिल्या बसमध्ये बसलेल्या मामांचा. आवाज खणखणीत, पण बोलणं गोड. मी चुलाण पेटवायला सांगितलं आणि पोह्यांच्या कढईकडं गेले.

मग तिसरा फोन आला. मामा म्हणाले, गाडी हलेना. तेलगावच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्या शेतातून रस्त्यावर चढताना एक ट्रॉली आडवी झाली होती. माणसाला लागलं नव्हतं, पण सगळा ऊस डांबरावर पसरला होता आणि ट्रॅक्टरसुद्धा तिरका होऊन रस्ता अडवून बसला होता. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग. क्रेन माजलगावहून येणार म्हणे, कधी येणार ते कुणाला माहीत नाही. त्यांच्या दोन बस आणि चार-पाच जीपा मधोमध अडकलेल्या. पुढं जाता येईना, मागं वळता येईना.

मी हे मांडवात येऊन सांगितलं तेव्हा भाऊजी मटकन खुर्चीत बसले. जाऊबाई हळदीच्या अंगाच्या नवरीपाशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. ते बघणं मला सहन होईना. एक जण म्हणाला, थांबू, रस्ता मोकळा होईल. दुसरा म्हणाला, मुहूर्त पुढं ढकलू. मला मात्र डोळ्यांपुढं ती बाळंतीण दिसत होती, आणि इंजेक्शन घेऊन बसलेले व्याही.

एस. टी. बंद पडते तेव्हा काय करतात? बस दुरुस्त होण्याची वाट बघत नाहीत, माणसं दुसऱ्या बसमध्ये घालतात. मी हे बोलले तेव्हा दोन-तीन माणसं हसली, पण आमच्या ह्यांनी लगेच मोटारसायकलवर पोरं पिटाळली. पाव्हणे आणण्यासाठी ठरवलेली शाळेची मिनीबस, भावकीतल्या दोन जीपा, एक पिकअप, आणि धुऊन काढलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. ट्रॉलीत जानवसातल्या गाद्या टाकल्या. पिकअपमध्ये पोह्यांचं पातेलं, चहाची टाकी, पाण्याचे जार, गरम पाण्याच्या दोन घागरी, एक पाट, आत्याबाईंसाठी हाताची खुर्ची, आणि मी माझं औक्षणाचं ताट मांडीवर घेतलं.

तेवढ्यात भावकीतल्या एका आजोबांनी हटकलं. वऱ्हाड वेशीवर यायच्या आधी पायावर पाणी कुठं घालत असतात का, शकुन मोडेल, असं त्यांचं म्हणणं. माणसं लगेच घुटमळली. लग्न लावायला आलेले गुरुजी अक्षतांपाशी बसले होते. मी त्यांनाच विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "पूजन इथं मारुतीपाशीच होईल, यजमान इथंच थांबतील. पण आलेल्या माणसाला वाटेत पाणी दिल्यानं शकुन मोडत नाही. जा तुम्ही." आजोबांनी वाट सोडली.

आम्ही पोचलो तर आमच्या बाजूलासुद्धा बरीच लांब रांग. मिनीबस रांगेत घातली असती तर तीही अडकली असती. मी उतरून पायी पुढं गेले. रस्त्याकडेला ऊस तोडायचं चालू होतं, आडवी झालेली ट्रॉली त्याच फडातली. तोडणाऱ्या बाया डांबरावरचा ऊस गोळा करून कडेला रचत होत्या. टोळीचा मुकादम डोक्याला हात लावून उभा. मी त्याला सांगितलं की पलीकडं आमचं वऱ्हाड आहे, साडेबाराला लग्न आहे, माणसं अलीकडं आणायची आहेत. त्यानं मागं बोट दाखवलं. फडाच्या बांधावरून गेलं की गाडीवाट लागते आणि ती गाडीवाट आमच्या बाजूला, रांगेच्या मागं निघते. मिनीबस तिथं उभी राहू शकते. फक्त मधे गव्हाचं एक वावर होतं आणि त्याला कालच कॅनॉलचं पाणी दिलेलं. बांध फुटून पाणी वाटेवर आलेलं. दहा-पंधरा हात नुसता काळा चिखल.

मुकादमानं हाक मारली तशा दोघी-तिघी बाया फडातून वाढ्याचे भारे घेऊन आल्या. वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांचा चारा. ते त्यांनी चिखलावर अंथरायला सुरुवात केली. मी म्हटलं, तुमचा चारा जातोय. त्यांच्यातली एक, माझ्याच वयाची, वर न बघता म्हणाली, "जाऊ द्या. लगीन हाय." आणि पुढचा भारा सोडला.

मी त्या वाढ्यावरून पलीकडं गेले. पायाला चटके बसल्यासारखी पानांची धार लागत होती. रस्त्यावर चढले तर समोर पहिली बस. खिडक्यांतून लेकरं डोकावत होती. नवरदेव फेटा बांधून, शेरवानी घालून पायरीवर उभा. आणि खाली, कमरेवर हात ठेवून, मामा.

मी नमस्कार केला आणि काय करायचं ते सांगितलं. त्यांनी माझं ऐकून घेतलं. मग बांधाकडं बघितलं, चिखलाकडं बघितलं.

"नवरदेवाला चिखलातून नेता का तुमी?" ते म्हणाले. "गाड्या मोकळ्या झाल्या की येऊ आमी. न्हाईतर न्हाई येणार."

मला थोरल्या पुतणीच्या लग्नातली जीप आठवली, आणि पायावर ठेवलेली टोपी. माझ्याकडं टोपी नव्हती. मी म्हणाले, "मामा, तुमचा मान मला ठाऊक हाय. म्हणून तर मी इथवर आले. तुमी इथं थांबलात तर मीबी इथंच थांबते. पर आत बाळंतीण हाय आणि पाव्हण्यांना खायची येळ झाली. आधी त्यांना घेऊन जाऊ द्या. मग आपण दोघं भांडू."

मामा काही बोलायच्या आत बसच्या दारातून एक ठेंगणी बाई उतरली. हिरवी पैठणी, हातात पिशवी. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते, पण आवाजावरून लगेच ओळखलं. विहीणबाई.

"दादा," त्या आपल्या भावाला म्हणाल्या, "माझ्या पोराचे पाय हायत. धुतले की निघतेत." आणि पदर खोचून त्या माझ्या आधी बांधाकडं चालू लागल्या.

मग कुणाला थांबवायची सोयच उरली नाही. आधी मी व्याह्यांना आमच्या पोरांनी बांधावरून आणलेले पोहे आणि बिनसाखरेचा चहा बसमध्येच दिला, ते खाईपर्यंत बाकीचे निघाले. आत्याबाईंना आमच्या दोन पोरांनी खुर्चीसकट उचललं. त्या आधी ओरडल्या, मग खुर्चीच्या हातांना धरून चांगल्या ऐटीत बसल्या. बाळंतिणीला बाळ घेऊन वाढ्यावरून चालायची भीती वाटत होती. ती चारा अंथरणारी बाई पुढं झाली, हात लुगड्याला पुसले आणि म्हणाली, माझ्याकडं द्या. मुलीनं आईकडं बघितलं, आईनं होकाराची मान हलवली. त्या बाईनं बाळ छातीशी धरलं आणि चिखलातून अशी चालत गेली की जणू ती रोज तिथूनच ये-जा करते. तिचा हातखंडा होता तो, रोज डोक्यावर मोळी घेऊन ती तशाच फडातून चालते. पलीकडं बाळ परत देताना तिनं त्याच्या गालाला बोट लावून ते कपाळाला लावलं.

नवरदेवानं मोजडी हातात घेतली आणि अनवाणी आला. मामा सगळ्यांत शेवटी. अर्ध्यात त्यांचा पाय वाढ्यावरून सटकला आणि गुडघ्यापर्यंत गाळात गेला. मी मनात म्हटलं, संपलं. त्यांनी पाय बाहेर काढला, त्याच्याकडं पाहिलं आणि स्वतःच हसायला लागले. त्यांना हसताना बघून मागची सगळी पोरं हसली.

गाडीवाटेवर मी पाट मांडला. मी आजवर कितीतरी लग्नांत पाव्हण्यांच्या पायावर पाणी घातलेलं आहे. ते नावापुरतं असतं, तांब्यातलं चार थेंब, बोटांना लागतं न लागतं. त्या दिवशी मात्र खरोखरचे पाय धुतले. काळी माती सुटायला वेळ लागतो. कोमट पाणी घालून, बोटांच्या बेचक्यांतून गाळ काढून. विहीणबाई संकोचल्या, पाय मागं घ्यायला लागल्या. मी त्यांचा पाय धरून ठेवला. त्यांच्या टाचांना भेगा होत्या, माझ्या जाऊबाईंच्या टाचांसारख्याच. कुंकू लावलं, ओवाळलं, गुळाचा खडा दिला. मामांचे पाय धुवायला मी वाकले तर त्यांनी माझ्या हातातून तांब्या घेतला. म्हणाले, तुम्ही लेकीच्या ठिकाणी, राहू द्या. स्वतःच धुतले.

दोन खेपांत सगळी माणसं आली. डीजेची गाडी मात्र पलीकडंच अडकून राहिली. नवरदेवाच्या मित्रांचे चेहरे पडले होते. गावात पोचल्यावर आमच्या ह्यांनी हलगीवाल्या दोघांना बोलावलं. जानवसात बायांनी आरशापुढं केस नीट केले, साड्या बदलल्या, बाळ तिसऱ्या खोलीत दूध पिऊन झोपलं. मारुतीपाशी भाऊजी आणि जाऊबाई पूजनाचं ताट घेऊन उभे होते. भाऊजींनी नवरदेवाचे पाय धुतले, टिळा लावला, पोशाख दिला. व्याही-व्याही गळ्यात पडले, आणि भाऊजींनी बहुतेक गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ त्यांना धरून ठेवलं. मग हलगी वाजली. पोरं नाचली, पण हलगीवर कितीही नाचलं तरी माणूस पुढं सरकत राहतो. नवरदेव मांडवात आला तेव्हा गुरुजींनी घड्याळाकडं पाहिलं आणि मान डोलावली. आमच्या गावात मुहूर्तावर लागलेलं लग्न मी त्याआधी पाहिल्याचं आठवत नाही. लग्न उशिराच लागणार म्हणून आमच्याकडचे काही पाव्हणे अजून वाटेतच होते, ते नंतर आले आणि रुसले. त्यांचं मला काही वाटलं नाही.

मंगलाष्टका चालू असताना मी मांडवाच्या खांबाला टेकून उभी होते. अक्षता टाकायच्या विसरले. हातात तशाच राहिल्या.

पंगत बसल्यावर मी पिकअपमध्ये पुऱ्या, भाजी, बुंदी भरून मागं उसाच्या फडावर पाठवली. पिकअप परत आली ती रिकामी भांडी घेऊन. तोवर क्रेन आली होती, रस्ता मोकळा झाला होता, आणि बस आणि डीजे दोन्ही गावात पोचले होते. त्यामुळं संध्याकाळची वरात पोरांच्या मनासारखी निघाली. मी कबूल केल्याप्रमाणे नाचले. मामा माझ्यासमोर नाचत होते, पँटचा एक पाय गुडघ्यापर्यंत अजून मातीनं मळलेला.

नवरीला निरोप देताना सगळे रडले, जाऊबाई सर्वांत कमी. गाड्या दिसेनाशा झाल्यावर आम्ही दोघी जानवसात गेलो. गाद्या घड्या करायच्या होत्या, चादरी गोळा करायच्या होत्या. दोन-तीन घड्या झाल्या आणि जाऊबाई त्याच गाद्यांवर बसल्या. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं, लेकीचे आई-बाप लग्न लागेपर्यंत उपाशी असतात आणि मग गडबडीत जेवणाचं राहून जातं. मी डब्यात उरलेली बुंदी आणि पुऱ्या आणल्या. आम्ही त्या रिकाम्या वर्गात, फळ्यासमोर बसून जेवलो. मधेच त्यांनी माझ्या पानात बुंदी वाढली, मी नको म्हणत असताना.

रात्र बरीच झाल्यावर माझा फोन वाजला. विहीणबाई. पालीला सुखरूप पोचलो, म्हणाल्या. माप ओलांडलं, सगळं झालं. मी विचारलं, पोरगी कशी आहे.

"जेवली," त्या म्हणाल्या. "आता माझ्या लेकीच्या बाळाला मांडीवर घेऊन बसलीय."

मी फोन जाऊबाईंच्या कानाला लावला.